शंकू, वृत्तचिती, अर्धगोल: फोटोतला २५ नेमका कशाचा आणि जादा ६१६ आले कुठून

*मुलगी दहावीत आहे. क्लासच्या सराव पत्रिकेतल्या महत्त्वमापनाच्या गणिताचा फोटो जोडतोय. वर शंकू, मध्ये वृत्तचिती, खाली अर्धगोल. आकृतीवर १४ सेमी, २५ सेमी आणि ५१ सेमी एवढंच लिहिलंय. एकूण पृष्ठफळ आणि घनफळ काढायचंय, π = २२/७. मुलीचं उत्तर २३५४ चौसेमी आणि ५०३०.६७ घसेमी. माझं १७१५.१५ चौसेमी आणि ४९२८ घसेमी. माझं घनफळ पूर्णांकात येतंय म्हणून माझंच बरोबर असावं असं मला वाटतं, ती ऐकत नाही. पत्रिकेत उत्तरं छापलेली नाहीत. कोण बरोबर?*

मुलीचं घनफळ बरोबर आहे. पृष्ठफळ दोघांचंही चुकलंय, पण चुकण्याची कारणं अगदी वेगळी आहेत. पृष्ठफळाची रीत तुमची बरोबर आहे, आकृती वाचताना घोटाळा झालाय. मुलीने आकृती बरोबर वाचली आणि पृष्ठफळाची बेरीज करताना घसरली. बरोबर उत्तरं १७३८ चौसेमी आणि ५०३०.६७ घसेमी.

आधी फोटोबद्दल, कारण तुमची सगळी गडबड तिथेच आहे. पत्रिका झेरॉक्सची झेरॉक्स असावी. अशा प्रतीत सगळ्यात आधी तुटक रेषा उडतात, आणि महत्त्वमापनाच्या आकृतीत नेमक्या त्याच रेषा कामाच्या असतात. शंकूची लंब उंची आतून तुटक रेषेने दाखवतात, तळाच्या मध्याशी काटकोनाची छोटी खूण करतात. तुमच्या फोटोत तसं काही उरलेलं नाही. २५ हा आकडा शंकूच्या उजव्या बाजूला नुसताच तरंगतोय, त्यामुळे तो आतल्या उंचीचा की बाहेरच्या उताराचा असा प्रश्न पडणं साहजिक आहे.

तरी फोटो मोठा करून बघा. २५ च्या खाली पुसटसं बाणाचं टोक दिसतं. ते शंकूच्या तळाच्या कडेपाशी आहे, मध्याजवळ नाही. लंब उंचीचा बाण मध्याशी उतरतो किंवा आकृतीच्या बाहेर सरळ उभा काढलेला असतो, ५१ चा काढलाय तसा. कडेला टेकणारा बाण तिरकस उंचीचा. म्हणजे २५ ही l आहे, h नाही.

नुसत्या पुसट बाणावर विसंबायला मलाही आवडत नाही. फोटोवर पट्टी ठेवून मोजण्यात तर काहीच अर्थ नाही. मोबाइल जरा कलता धरला की वरचा भाग लहान दिसतो, आणि मुळात आकृती प्रमाणात काढलेली असेलच असं नाही. पण आकड्यांतच एक पुरावा आहे, तो जास्त भक्कम आहे.

१४ ही रेष वृत्तचितीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाते, म्हणजे तो व्यास. त्रिज्या ७. आता शंकूत त्रिज्या, लंब उंची आणि तिरकस उंची मिळून काटकोन त्रिकोण होतो, तिरकस उंची हा कर्ण. पायथागोरसने l² − h² = ४९, म्हणजेच (l − h)(l + h) = ४९. l आणि h दोन्ही पूर्ण संख्या हव्या असतील, तर ४९ चे दोन वेगवेगळे अवयव पाहिजेत, आणि ते १ आणि ४९ हेच. त्यातून h = २४, l = २५. त्रिज्या ७ असताना दुसरी जोडी अस्तित्वातच नाही. गणित रचणाऱ्याने २५ हा आकडा उगाच निवडलेला नाही. ७, २४, २५ हे त्रिकूट डोक्यात ठेवूनच तो आला आहे.

तुम्ही २५ ला लंब उंची धरलं, म्हणून तिरकस उंची √६७४ आली, साधारण २५.९६. दहावीच्या पत्रिकेत असं वर्गमूळ आलं की तिथेच थांबायचं आणि आकृतीकडे परत बघायचं. असं वर्गमूळ म्हणजे चूक झालीच असा नियम नाही, पण बहुतेक वेळा आकडा भलत्या रेषेवर बसवलेला असतो. मुलीने समजा १४ लाच त्रिज्या धरलं असतं तर √४२९ आलं असतं, त्यातूनही हाच इशारा मिळाला असता.

मग तुमचं घनफळ नेमकं ४९२८ कसं आलं? निव्वळ योगायोगाने. आणि हा योगायोग तुम्हाला वाटतो तेवढा दुर्मिळ नाही. शंकूच्या घनफळात एक तृतीयांश येतो आणि अर्धगोलाच्या घनफळात दोन तृतीयांश. दोन्हींमधले तीनाचे छेद एकत्र आले की (शंकूची उंची + २ × त्रिज्या) ला ३ ने भाग जातो का, एवढाच प्रश्न उरतो. तुमच्या बाबतीत २५ + १४ = ३९, भाग जातो, उत्तर पूर्णांक. मुलीच्या बाबतीत २४ + १४ = ३८, भाग जात नाही, म्हणून .६७ आलं. कुठलीही पूर्ण उंची घ्या, दर तीनातली एक या परीक्षेत पास होणारच. चुकीची उंचीही. त्यामुळे पूर्णांक घनफळाला पुरावा म्हणून फारशी किंमत नाही. उलट ७ बरोबर २५ यावेत आणि तिसरी बाजू पूर्ण २४ निघावी, ही एकच एक शक्यता आहे. दोन पुराव्यांत भांडण लागलं तर मी पायथागोरसच्या बाजूने उभी राहीन.

आता मुलीच्या पृष्ठफळाकडे येते. ही चूक दरवर्षी दिसते, आणि मन लावून सूत्रं पाठ करणाऱ्या मुलांकडूनच जास्त होते.

२३५४ मधून १७३८ वजा केले की ६१६ उरतात. πr² म्हणजे २२/७ × ४९ = १५४, आणि ६१६ म्हणजे बरोबर चार वेळा १५४. तिची वही न बघताच सांगते, तिने शंकूचं एकूण πr(l + r), वृत्तचितीचं एकूण २πr(h + r) आणि अर्धगोलाचं एकूण ३πr² अशी तीन ‘एकूण’ पृष्ठफळं काढून बेरीज केली आहे. प्रश्नात ‘एकूण पृष्ठफळ’ लिहिलंय, सूत्रांच्या तक्त्यातही ‘एकूण पृष्ठफळ’ असा रकाना आहे, शब्द जुळले, झालं. पण तक्त्यातलं एकूण हे सुट्या आकाराचं एकूण आहे. सुट्या शंकूला तळ असतो, वृत्तचितीला वर आणि खाली अशी दोन तोंडं असतात, अर्धगोलाला एक सपाट तोंड असतं. चार चकत्या झाल्या. तीन भाग जोडले की शंकूचा तळ वृत्तचितीच्या वरच्या तोंडावर बसतो आणि अर्धगोलाचं तोंड खालच्या तोंडाला चिकटतं. चारही चकत्या आत दडतात. जोडलेल्या वस्तूला बाहेरून रंग द्यायला घेतला तर ब्रश त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही.

घनफळाचं असं होत नाही. आतला जोड कुठे का असेना, जागा तेवढीच व्यापली जाते, म्हणून तिथे सरळ बेरीज चालते. तिचं घनफळ बरोबर आणि पृष्ठफळ चुकीचं येण्याचं कारण हेच. पद्धत दोन्हीकडे एकच वापरली, ती एकीकडे लागू पडते आणि दुसरीकडे नाही.

आता गणित पूर्ण करते, पण मी मुलांना ज्या वाटेने नेते त्या वाटेने. तीन वेगळी सूत्रं शोधत बसण्यापेक्षा दोनच आकडे आधी काढून ठेवायचे. एक परिघ: २πr = ४४ सेमी. दुसरा चकतीचं क्षेत्रफळ: πr² = १५४ चौसेमी. पृष्ठफळ सगळं ४४ वर चालतं, घनफळ सगळं १५४ वर.

त्याआधी वृत्तचितीची उंची, जी आकृतीत कुठेच लिहिलेली नाही. ५१ ही शंकूच्या टोकापासून अर्धगोलाच्या तळापर्यंतची पूर्ण उंची आहे. त्यात शंकूचे २४, आणि अर्धगोलाची उंची म्हणजे त्याची त्रिज्याच, ७. हे ७ आकृतीत उंची म्हणून कधीच छापत नाहीत, त्यामुळे ते वजा करायचे राहून जातात.

वृत्तचितीची उंची = ५१ − २४ − ७ = २० सेमी

शंकूचं वक्रपृष्ठ टोकापासून तळाच्या कडेपर्यंत सरळ रेषेत कापा आणि कागदासारखं सपाट पसरा. वर्तुळाची पाकळी मिळते. तिची त्रिज्या २५ असते, २४ नव्हे, कारण पाकळीचा मध्य हे शंकूचं टोक आणि टोकापासून कडेपर्यंत कागदावरून जाणारं अंतर तिरकस. पाकळीचा बाहेरचा कंस म्हणजे शंकूच्या तळाचा परिघ, ४४. पाकळीचं क्षेत्रफळ कंस × त्रिज्या ÷ २.

शंकूचं वक्रपृष्ठफळ = ४४ × २५ ÷ २ = ५५० चौसेमी

हेच πrl. तिरकस उंची पृष्ठफळात का येते आणि घनफळात का येत नाही, हे एकदा कागद कापून दाखवलं की परत समजवावं लागत नाही. घरी करायचं असेल तर अप्पा बळवंत चौकातून एक मोठी कार्डशीट आणा, २५ सेमी त्रिज्येची पाकळी आखा, कोन ३६० × ७ ÷ २५ = १००.८ अंश ठेवा आणि कडा जुळवून वळवा. तळाचा व्यास १४ सेमी आणि उभी उंची २४ सेमी भरते. कोनमापकाने १०१ अंश घेतले तरी चालतं. तुमच्या बापलेकीच्या वादातला निम्मा भाग इथेच मिटेल.

वृत्तचिती उभी कापून उलगडली की आयत होतो.

वृत्तचितीचं वक्रपृष्ठफळ = ४४ × २० = ८८० चौसेमी

अर्धगोल मात्र उलगडून सपाट होत नाही, कुठेतरी चुण्या पडतात नाहीतर फाटतं. त्याचं सूत्र २πr² = ३०८ मुलं पाठच करतात. पण त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघा: ४४ × ७ सुद्धा ३०८ च. म्हणजे अर्धगोलाचं वक्रपृष्ठ हे त्याच त्रिज्येच्या आणि ७ सेमी उंचीच्या नळीच्या वक्रपृष्ठाएवढं. हे आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिद्ध केलं होतं. आपल्याकडे भास्कराचार्यांनी लीलावतीत, म्हणजे ११५० च्या सुमारास, वर्तुळाच्या क्षेत्रफळाला चारने गुणलं की गोलाचं पृष्ठफळ मिळतं असं सांगितलं आणि त्या पृष्ठफळाला चेंडूभोवतीच्या जाळ्याची उपमा दिली. वर्तुळाचं क्षेत्रफळ त्यांनी परिघ गुणिले व्यास भागिले चार असं मांडलंय. म्हणजे गोलाचं पृष्ठफळ परिघ × व्यास, आणि अर्ध्या गोलाचं ४४ × १४ ÷ २. पुन्हा ३०८.

आता तिन्हींत ४४ आहेच, तो बाहेर काढा:

एकूण पृष्ठफळ = ४४ × (१२.५ + २० + ७) = ४४ × ३९.५ = १७३८ चौसेमी

सूत्राच्या भाषेत हे πr(l + २h + २r) = २२ × (२५ + ४० + १४) = २२ × ७९. इथे h म्हणजे वृत्तचितीची उंची. शंकूच्या उंचीलाही h म्हटलं की चौथ्या ओळीपर्यंत दोन्ही एकमेकांच्या जागी जाऊन बसतात, म्हणून वहीत h₁ आणि h₂ असं वेगळं लिहायला सांगा. तिचे २३५४ याच मांडणीत २२ × १०७ असे दिसतात. १०७ आणि ७९ मधला फरक २८, म्हणजे ४ × ७, त्याच चार चकत्या.

घनफळ आता दोन मिनिटांचं काम आहे. समान तळ आणि समान उंची असेल तर शंकू हा वृत्तचितीच्या एक तृतीयांश भरतो, म्हणून २४ सेमीचा शंकू ८ सेमीच्या वृत्तचितीएवढा. अर्धगोल हा ७ सेमी उंचीच्या वृत्तचितीच्या दोन तृतीयांश, म्हणून ४.६७ सेमीच्या वृत्तचितीएवढा.

घनफळ = १५४ × (८ + २० + १४/३) = १५४ × ९८/३ = ५०३०.६७ घसेमी

सुटं सुटं हवं असेल तर १२३२ + ३०८० + ७१८.६७. शेवटचे दोन दशांश मुलीला लिहू द्या, पत्रिकेत π = २२/७ दिलंय आणि त्या हिशोबाने ते बरोबर आहेत. पण ते फार मनावर घेऊ नका. २२/७ ही किंमत खऱ्या π पेक्षा किंचित मोठी आहे आणि एवढ्या घनफळात त्याने साधारण २ घसेमीचा फरक पडतो, खरं घनफळ सुमारे ५०२८.६. π = ३.१४ घेणाऱ्या मैत्रिणीचं उत्तर ५०२६.०९ येईल, पृष्ठफळ १७३६.४२. दोघींची उत्तरं बरोबर. फक्त प्रश्नात π ची किंमत दिली असेल तर तीच वापरायची, आणि बेरजेच्या आधी अर्धवट दशांश करत बसायचं नाही. १४/३ हा अपूर्णांक शेवटपर्यंत तसाच न्यायचा.

तुमची ४९२८ आणि मुलीची ५०३०.६७ यांत १०२.६७ चा फरक आहे, तोही वर दिलेल्या मांडणीतून सरळ दिसतो. तुम्ही शंकू २४ ऐवजी २५ केला, पूर्ण उंची ५१ च राहिली, म्हणून वृत्तचिती २० ची १९ झाली. एक सेमी वृत्तचितीतून शंकूत गेला. वृत्तचितीतले १५४ घसेमी गेले आणि शंकूत त्याचा तिसरा हिस्सा, ५१.३३, एवढेच आले. उरलेला दोन तृतीयांश म्हणजे १०२.६७. पृष्ठफळात वृत्तचितीचे ४४ गेले, तिरकस उंची ०.९६ ने वाढल्यामुळे शंकूत साधारण २१ आले, म्हणून तुमचं उत्तर २३ च्या आसपास कमी आलं. ही एवढी जवळची उत्तरं नुसत्या अंदाजाने ‘हे चूक, ते बरोबर’ अशी वेगळी करता येत नाहीत. म्हणून आकृती वाचण्यावर मी सुरुवातीला एवढी थांबले.

मुलीची चूक मात्र अंदाजाने पकडता येते, पण अंदाज घट्ट बांधला तरच. सगळी वस्तू मावेल अशी १४ सेमी व्यासाची आणि ५१ सेमी उंचीची बंद नळी घ्या. तिचं पृष्ठफळ ४४ × ५१ + ३०८ = २५५२. आपली वस्तू फुगीर आहे, तिला कुठेच खाच किंवा खळगा नाही, आणि अशी वस्तू तशाच फुगीर वस्तूच्या आत मावत असेल तर आतलीचं पृष्ठफळ कमीच असतं. पण २३५४ हेही २५५२ पेक्षा कमीच, त्यामुळे ही चाळणी तिची चूक पकडत नाही. जाळी बारीक करा. शंकू तसाच ठेवा आणि फक्त अर्धगोलाच्या जागी ७ सेमीची सपाट तळाची नळी लावा. आता पृष्ठफळ ५५० + ४४ × २७ + १५४ = १८९२. मूळ वस्तू या नव्या वस्तूच्या आत मावते, म्हणून तिचं पृष्ठफळ १८९२ पेक्षा कमी हवं. २३५४ इथे अडकतं. आणि गंमत अशी की १८९२ मधून तळाची १५४ ची चकती काढली की बरोबर १७३८ उरतात, कारण अर्धगोल आणि ७ सेमीची नळी यांची वक्रपृष्ठं सारखीच.

उत्तर चुकलं असेल तर फरकावरून कारण शोधायची सवय तिला लावा, पण एका ठिकाणी सावध. पृष्ठफळ ३०८ ने जास्त आलं तर दोन शक्यता असतात. एक तर दोन चकत्या जादा धरल्या, किंवा पूर्ण उंचीतून अर्धगोलाचे ७ वजा करायचे राहिले आणि वृत्तचिती २७ ची झाली. दोन्हीकडे ३०८ च. तेव्हा घनफळ बघायचं. तेही १०७८ ने जास्त असेल, म्हणजे १५४ × ७, तर चूक उंचीत आहे. घनफळ बरोबर असेल तर चकत्यांत.

याच आकृतीचे दोन भाऊबंद आहेत, तेही तिला आत्ताच दाखवून ठेवा, कारण ‘वक्रपृष्ठफळांची बेरीज’ एवढंच घोकलं तर एकात ती फसेल. पहिला म्हणजे शंकूचा तळ वृत्तचितीपेक्षा मोठा असलेला, वळचण बाहेर आलेल्या छपरासारखा. समजा शंकूची त्रिज्या १० आणि वृत्तचितीची ७. आता शंकूच्या तळाचा मधला भाग झाकला जातो, पण बाहेरची कडी उघडीच राहते. तिचं क्षेत्रफळ π(१०० − ४९) = १६०.२९ चौसेमी, आणि ते तीन वक्रपृष्ठफळांत मिळवावं लागतं. जोडावर दोन्ही त्रिज्या सारख्या आहेत का, हे बघूनच चकती पूर्ण सोडून द्यायची की कडी ठेवायची ते ठरतं.

दुसरा जास्त फसवा. अर्धगोल खाली लावलेला नसून वृत्तचितीच्या खालच्या तोंडातून आत कोरून काढलेला असतो. आकृतीत फरक फक्त कमानीच्या दिशेचा, आणि कोरलेली कमान तुटक रेषेने दाखवतात, म्हणजे खराब झेरॉक्समध्ये तीच नाहीशी होते. तुमच्या फोटोत कमान ठळक आणि खाली उतरलेली आहे, ५१ चा बाण तिच्या तळापर्यंत जातो, त्यामुळे इथे शंका नाही. पण समजा शंकूची तिरकस उंची २५, वृत्तचिती २० सेमी तशीच आणि अर्धगोल आत कोरलेला आहे. खड्ड्याची आतली बाजूही उघडीच असते, हात लागतो, म्हणून तिचे ३०८ मिळवायचेच. पृष्ठफळ तेच, १७३८. घनफळातून मात्र अर्धगोल वजा होतो: १२३२ + ३०८० − ७१८.६७ = ३५९३.३३ घसेमी. पृष्ठफळ सारखं आणि घनफळात जवळजवळ दीड लिटरचा फरक.

वहीत लिहिताना पहिल्या ओळीत r = ७, l = २५, दुसऱ्यात पायथागोरसने शंकूची उंची २४, तिसऱ्यात वृत्तचितीची उंची २०, आणि मगच सूत्रं. पृष्ठफळाच्या ओळीत नुसतं ‘एकूण पृष्ठफळ’ न लिहिता ‘शंकूचे वक्रपृष्ठफळ + वृत्तचितीचे वक्रपृष्ठफळ + अर्धगोलाचे वक्रपृष्ठफळ’ असं शब्दांत पूर्ण लिहायला सांगा. तो ‘वक्र’ तीनदा हाताने लिहावा लागला की चकत्या आपोआप बाहेर राहतात.